प्रमोशन झालं, पगार तोच राहिला: मॅनेजरकडे पगारवाढ कशी मागावी

प्रमोशनचं पत्र आलं, डेझिग्नेशन बदललं, कामाचा पसारा वाढला आणि महिनाअखेरीस पे-स्लिपवर आकडा मात्र जुनाच. अशा वेळी मॅनेजरला "सर, पगाराचं काय?" असं विचारलं की बहुतेकदा "बघतो" एवढंच उत्तर येतं. दरवेळी ती टाळाटाळ असते असं नाही. बऱ्याच कंपन्यांत पगार बदलायचा अधिकार थेट मॅनेजरकडे नसतोच. तो शिफारस करतो आणि ती त्याच्या वरिष्ठांकडे, मग एचआरकडे, मग फायनान्सकडे जाते. तिथे प्रश्न विचारले जातात तेव्हा तुम्ही समोर नसता. म्हणून मागणी अशी बांधावी लागते, की मॅनेजरने ती न बदलता पुढे पाठवली तरी वरच्या माणसाला समजेल आणि मंजूर करावीशी वाटेल.

पत्र नीट वाचा

अभिनंदनाचा परिच्छेद सोडून पुढचं वाचा. तुमची ग्रेड बदलली आहे का, ते आधी बघा. डेझिग्नेशन आणि ग्रेड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. "वरिष्ठ" किंवा "लीड" हा शब्द नावापुढे लागतो, पण एचआरच्या सिस्टिममध्ये ग्रेड जुनीच राहते, असं बऱ्याचदा घडतं. ग्रेड बदललेली नसेल तर पगारवाढीची मागणी एचआरच्या पहिल्याच तपासणीत अडकते, कारण सिस्टिमच्या हिशेबात तुमचं प्रमोशन झालेलंच नसतं. मग तुमची पहिली मागणी ग्रेड दुरुस्त करण्याची असायला हवी आणि पगाराची त्याला जोडून.

त्यानंतर लागू होण्याची तारीख बघा. पुढे थकबाकी मागायची झाली तर हीच तारीख कामी येते. पगाराबद्दल पत्रात काय लिहिलंय तेही शब्दशः बघा. "वेतनात बदल नाही" हे एक, "वेतनाचा आढावा पुढील चक्रात घेतला जाईल" हे दुसरं आणि पगाराचा उल्लेखच नसणं हे तिसरं. दुसऱ्या प्रकारात कंपनीने आढाव्याचं लेखी आश्वासन दिलेलं असतं आणि तुम्हाला त्याची फक्त तारीख ठरवून घ्यायची असते. तिसऱ्या प्रकारात पत्र देताना कोणी तोंडी काही बोललं असेल तर ते त्याच दिवशी मेलमध्ये लिहून पाठवा. चार महिन्यांनी ते शब्द कुणालाच नेमके आठवत नाहीत.

पत्रावर अजून सही केलेली नसेल तर घाई करू नका. "प्रमोशनबद्दल आभारी आहे. सही करण्याआधी वेतनाबाबत वीस मिनिटं बोलायचं आहे," एवढं सभ्यपणे लिहिता येतं. सही झाली की तुमच्या मागणीची निकड कंपनीच्या लेखी कमी होते.

पगार का वाढला नाही, हे आधी शोधा

कारण कळल्याशिवाय मागणी केली तर ती चुकीच्या दारावर जाते. साधारणपणे कारण या चारपैकी एक असतं. प्रमोशन आर्थिक वर्षाच्या मध्ये झालं आणि पगारवाढीचा निधी आधीच वाटून संपला. किंवा तुमचा जुना पगार नव्या ग्रेडच्या पट्ट्यातच, म्हणजे त्या ग्रेडसाठी ठरलेल्या किमान आणि कमाल पगाराच्या मधेच बसतो, म्हणून एचआरला काही करायची गरज वाटली नाही. किंवा कंपनी तुम्हाला काही महिने नव्या कामावर बघून मग पगार ठरवणार आहे. किंवा कुणी मागितलाच नाही, म्हणून कुणी दिला नाही. हे शेवटचं कारण वाटतं त्यापेक्षा बरंच जास्त आढळतं, कारण प्रमोशनच्या फॉर्मवर पगाराचा रकाना रिकामा सोडला तरी फॉर्म पुढे सरकतो.

हे शोधायला एचआरला सरळ विचारा: "माझ्या नव्या ग्रेडचा वेतनपट्टा काय आहे आणि प्रमोशनसोबत वेतन न बदलण्यामागे कोणता नियम लागला?" प्रश्नात तक्रारीचा सूर नको. काही कंपन्या पट्टा सांगतात, काही सांगत नाहीत. सांगितला नाही तर निदान एवढं विचारा, की तुमचा सध्याचा पगार नव्या पट्ट्याच्या किमान रकमेपेक्षा वर आहे की खाली. याचं हो-नाही उत्तर द्यायला एचआरची सहसा हरकत नसते आणि त्या एका उत्तरावर तुमच्या मागणीचं बरंचसं वजन ठरतं.

खरी कमाई मोजा

प्रमोशनमध्ये पगार तोच राहिला असं वाटतं, पण कमाई प्रत्यक्षात घटलेली असू शकते. पर्यवेक्षकाच्या किंवा व्यवस्थापकाच्या ग्रेडमध्ये गेलं की ओव्हरटाइम, शिफ्ट भत्ता, रात्रपाळीचा भत्ता किंवा विक्रीवरचं कमिशन बऱ्याच ठिकाणी बंद होतं. मूळ पगाराची ओळ हलत नाही, म्हणून ही घट लक्षात येत नाही.

प्रमोशनच्या आधीच्या सहा महिन्यांच्या पे-स्लिप काढा. प्रत्येकीतून मूळ पगार आणि स्थिर भत्ते एका रकान्यात लिहा, कामानुसार मिळालेल्या रकमा दुसऱ्यात. दुसऱ्या रकान्याची सहा महिन्यांची सरासरी काढा. कर आणि कपाती यात आणू नका. सगळा हिशेब कपातीआधीच्या रकमांवरच करा, कारण एचआर आणि फायनान्सही त्याच रकमांवर बोलतात. हातात येणाऱ्या रकमेवरून वाद घातला की अर्धा वेळ कर समजावण्यात जातो.

एक उदाहरण शेवटपर्यंत घेऊन जाऊ. आकडे कोणत्याही चलनात बसावेत म्हणून जुन्या ग्रेडच्या पट्ट्याचा मध्य १०० धरला आहे. ग्राहक तक्रार विभागातली एक कर्मचारी, वरिष्ठ सहायकाची टीम लीड झाली. तिचा महिन्याचा स्थिर पगार ९८. आधीच्या सहा महिन्यांत ओव्हरटाइमचे ७, ४, ८, ५, ६, ६ असे मिळाले, म्हणजे सरासरी ६. तिची खरी कमाई १०४ होती. टीम लीडला ओव्हरटाइम लागू नाही, त्यामुळे प्रमोशननंतर ती ९८ वर आली. पगार तोच राहिला असं सगळे म्हणतात, पण तिच्या हिशेबात महिन्याला ६ कमी झाले. मॅनेजरला हे बहुधा ठाऊकही नसतं आणि ते कळल्यावर बोलण्याचा रोख बदलतो. पगारवाढ नाकारणं सोपं असतं. बढती देऊन आपण माणसाची कमाई कमी केली, ही गोष्ट वरच्या मॅनेजरला समजावणं अवघड असतं.

आकडा ठरवा

"योग्य ती वाढ द्यावी" असं म्हणू नका. मॅनेजरला फॉर्ममध्ये एक आकडा भरायचा असतो. तो तुम्ही दिला नाही तर दुसरं कुणीतरी देईल, आणि तो मोठा नसेल.

समजा, आपल्या उदाहरणातल्या टीम लीडच्या ग्रेडचा पट्टा १०० ते १५० आहे आणि त्याचा मध्य १२५. तिचा ९८ हा पगार किमान रकमेच्याही २ ने खाली आहे. कंपनीच्या स्वतःच्या नियमाशी हे विसंगत आहे, म्हणून किमान १०० पर्यंतची दुरुस्ती ही मागणीसुद्धा नाही, ती चूक सुधारणं आहे. पण तिथे थांबलं तर हाती आलेली वाढ जेमतेम २ टक्के ठरते आणि ओव्हरटाइमची घट तशीच राहते.

नव्या पदावर आलेल्या माणसाने पट्ट्याच्या मध्याची मागणी केली तर एचआर लगेच म्हणतं, की मध्य हा त्या कामात मुरलेल्या माणसासाठी असतो. त्यात तथ्य आहे. म्हणून पट्ट्याच्या खालच्या चतुर्थांशात आकडा ठेवणं व्यवहार्य ठरतं. इथे पट्ट्याची रुंदी ५०, तिचा चौथा भाग साडेबारा, म्हणजे १०० ते ११२.५. तिने ११२ मागावेत. ९८ वरून ही वाढ सुमारे १४ टक्के दिसते, म्हणजे मोठी. पण १०४ या खऱ्या कमाईवरून ती जेमतेम ८ टक्के आहे आणि तरीही ती पट्ट्याच्या खालच्या भागातच राहते. ही तिन्ही वाक्यं मागणीत एकत्र लिहावीत, म्हणजे १४ टक्के बघून दचकणाऱ्याला उत्तर तिथेच मिळतं.

मागायचा आकडा ठरला की आणखी एक आकडा स्वतःशी ठरवून ठेवा: ज्याच्या खाली तुम्ही "ठीक आहे" म्हणणार नाही. आपल्या उदाहरणात तो १०४ आहे. हा कुणाला सांगायचा नसतो. पण तो मनात नसेल तर बैठकीत मिळालेल्या पहिल्या आकड्याला भरात होकार जातो.

पट्टा कळलाच नाही तर बाहेरच्या नोकऱ्यांच्या जाहिरातींवरून अंदाज बांधता येतो. फक्त त्या डेझिग्नेशनवरून न शोधता कामावरून शोधा. किती माणसं हाताखाली, कोणते निर्णय, कोणती जबाबदारी, हे जुळणाऱ्या सहा-सात जाहिराती घ्या, सगळ्यात वरचा आणि सगळ्यात खालचा आकडा वगळा. शेजारच्या सहकाऱ्याचा पगार मात्र पुरावा म्हणून वापरू नका. तो खरा असला तरी चर्चा तुमच्या कामावरून हटते आणि "तुम्हाला कुणी सांगितलं" यावर येऊन थांबते.

एक पान लिहा

हे पान मॅनेजर पुढे पाठवणार आहे, म्हणून ते एकाच पानाचं असावं. वर नव्या पदाचं नाव, ग्रेड, लागू तारीख. मग सध्याचा पगार, पट्ट्यातली जागा, मागणीचा आकडा आणि तो कसा काढला ते तीन ओळींत. बाकीचं पान कामासाठी.

इथे बहुतेकांचं चुकतं. लोक कामाचं प्रमाण लिहितात: जास्त तास, जास्त फाइली, रविवारी केलेलं काम. वाचणारा म्हणतो, मेहनती आहे, चांगलंय, बोनस देऊ. ग्रेडचा पगार कामाच्या प्रमाणावर ठरत नाही, कामाच्या पातळीवर ठरतो. म्हणजे आधी तुम्ही जो निर्णय वरच्याकडे पाठवत होता, तो आता स्वतः घेता का? किती माणसांचं काम तुमच्या सहीवर चालतं? तुमची चूक झाली तर किती मोठं नुकसान होतं? नव्या पातळीची अशी तीन किंवा चार कामं निवडा आणि प्रत्येकात आधी काय होतं आणि आता काय आहे ते लिहा.

उदाहरणातल्या टीम लीडच्या पानावर पहिलं काम असं येईल: "आधी माझ्याकडे माझ्या स्वतःच्या तक्रारी होत्या. आता सहा जणांच्या पाळ्या, रजा आणि वार्षिक मूल्यमापन माझ्याकडे आहे." दुसरं: "ठरावीक रकमेपर्यंतची भरपाई मंजूर करण्याचा अधिकार आधी विभागप्रमुखांकडे होता, लागू तारखेपासून तो माझ्याकडे आहे. वरिष्ठांकडे गेलेल्या तक्रारी निकाली निघायला सरासरी ५ दिवस लागत होते, आता ३ लागतात." तिसरं: "दोन नव्या कर्मचाऱ्यांच्या मुलाखती आणि निवड मी केली." एवढं पुरेसं आहे. आकडे अहवालातून पडताळता येतील असेच द्या, कारण एक जरी फुगवलेला निघाला तरी बाकीच्या पानावरचा विश्वास जातो.

घरभाडं, कर्जाचे हप्ते, मुलांचं शिक्षण या पानावर नको. अडचणी खऱ्या असतात, पण पगारवाढ मंजूर करणाऱ्याच्या फॉर्ममध्ये त्यांच्यासाठी रकाना नसतो.

वेळ कोणती

तुमच्या कंपनीत पगारवाढीचा निधी कधी ठरतो ते शोधा. पगारवाढीची पत्रं ज्या महिन्यात मिळतात, त्याच्या दोन-तीन महिने आधी आकडे बहुधा पक्के झालेले असतात. मूल्यमापनाच्या बैठकीत केलेली मागणी म्हणूनच उशिराची ठरते. निधी ठरण्याच्या सहा ते आठ आठवडे आधी मॅनेजरच्या हातात तुमचं पान असावं.

हे चक्र लांब असेल तर चक्राबाहेरची दुरुस्ती मागता येते. पगार पट्ट्याच्या किमान रकमेखाली असेल किंवा प्रमोशनने कमाई घटली असेल, तर अशा दुरुस्तीला भक्कम कारण असतं. नुसती वाढ हवी असेल तर चक्राबाहेर ती मिळणं कठीण असतं.

बैठक

येता-जाता विषय काढू नका. मॅनेजरला विषय सांगून अर्धा तास मागा: "मॅडम, नव्या पदाच्या वेतनाबद्दल बोलायचं आहे, या आठवड्यात अर्धा तास मिळेल का?" विषय लपवून बोलावलं तर मॅनेजर बेसावध सापडतो आणि बेसावध माणूस नाही म्हणून वेळ मिळवतो. आधी कळलं तर तो एचआरला दोन प्रश्न विचारून येतो, आणि तेच आपल्याला हवं असतं.

सुरुवात थेट करा. "टीम लीडचं काम मी पाच महिने करते आहे. नव्या ग्रेडच्या पट्ट्याची सुरुवात १०० आहे आणि मी ९८ वर आहे. ओव्हरटाइम बंद झाल्याने माझी कमाई महिन्याला ६ ने घटली आहे. माझं वेतन ११२ करावं अशी माझी विनंती आहे. हिशेब आणि काम या पानावर आहे." एवढं बोलून थांबा. आकडा सांगितल्यावर येणारी शांतता जड जाते आणि ती भरायला माणूस आपणच म्हणतो, "म्हणजे थोडं कमी झालं तरी चालेल." हे वाक्य तोंडातून गेलं की ११२ हा आकडा संपला.

समोरून येणारी उत्तरं ठरावीक असतात. "बजेट नाही" असं आलं तर कोणतं बजेट आणि कधीपर्यंत, ते विचारा. चालू वर्षाचं संपलं असेल तर पुढच्या वर्षाच्या निधीत तुमचं नाव आणि आकडा घालायची तारीख मागा. "तुमचा पगार पट्ट्यात बसतो" असं आलं तर पट्ट्यात बसणं आणि प्रमोशनची वाढ मिळणं यांत फरक असल्याचं दाखवा: जुन्या ग्रेडच्या माणसाला आणि नव्या ग्रेडच्या माणसाला एकच आकडा मिळत असेल तर वाढलेल्या जबाबदारीची किंमत शून्य धरली गेली आहे. "आधी काम दाखवा" यावर वाद घालू नका. कोणतं काम, कोणत्या मापाने, कोणत्या तारखेपर्यंत आणि ते झालं तर कोणता आकडा, ही चार उत्तरं लिहून घ्या. ही चार उत्तरं देता येत नसतील तर ती अट नाही, ती पुढे ढकलणं आहे.

"वार्षिक इन्क्रिमेंटमध्ये बघू" हे उत्तर सगळ्यात फसवं आहे. समजा वार्षिक वाढ ६ टक्के आहे. तर ९८ चे जवळपास १०४ होतात आणि "दिली की वाढ" असं म्हटलं जातं. पण ती ६ टक्के प्रमोशन न होताही मिळालीच असती. म्हणून आधी ११२ करून मग त्यावर वार्षिक वाढ, असं वेगळं मागा. ११२ वर ६ टक्के म्हणजे सुमारे ११८.७. दोन्हींतला फरक पुढच्या प्रत्येक वाढीत वाढत जातो.

नोकरी सोडायचा इशारा देऊ नका, हातात दुसरं पत्र असलं तरी. अशा इशाऱ्याने पगार कधी वाढतोही, पण मॅनेजर त्या दिवसापासून तुमच्या जागी कोण येईल याचा विचार सुरू करतो.

त्याच दिवशी मेल

बैठक संपल्यावर त्याच दिवशी छोटा मेल पाठवा. असा:

"मॅडम, आज वेळ दिल्याबद्दल आभार. बोलल्याप्रमाणे, नव्या पदाची लागू तारीख धरून माझं वेतन ९८ वरून ११२ करावं अशी विनंती आहे. हिशेब आणि कामाचा तपशील सोबतच्या पानावर आहे. आपण हा विषय एचआरकडे नेणार असून पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत कळवणार आहात, अशी माझी समजूत आहे. काही वेगळं ठरलं असेल तर कृपया सांगावं."

शेवटची दोन वाक्यं महत्त्वाची आहेत. त्यांनी तोंडी बोलणं लेखी होतं आणि तारीख मॅनेजरच्या नावावर लागते. १५ तारीख उलटली तर आणखी दोन कामाचे दिवस थांबा आणि त्याच मेलला उत्तर देऊन विचारा. नवा मेल सुरू करू नका, म्हणजे जुनी तारीख खाली दिसत राहील.

पूर्ण आकडा मिळाला नाही तर

दोन टप्प्यांत मागता येतं: १०५ लगेच आणि ११२ सहा महिन्यांनी, दोन्ही आकडे आणि तारखा एकाच पत्रात. "उरलेलं नंतर" असं तोंडी ठरलं आणि दरम्यान मॅनेजर बदलला, तर दुसरा टप्पा बहुधा विसरला जातो.

एकरकमी रक्कम देऊ केली तर घ्यायला हरकत नाही, पण ती पगारवाढीच्या बदल्यात मान्य करू नका. पुढची वार्षिक वाढ, बोनस आणि निवृत्तीसाठीची कपात बऱ्याच ठिकाणी मूळ पगारावर मोजली जाते. एकरकमी रक्कम यातल्या कशातच शिरत नाही. ती मागची भरपाई म्हणून घ्या आणि मूळ पगाराचा प्रश्न खुला असल्याचं मेलमध्ये लिहा.

काहीच मिळत नसेल तर कामाची व्याप्ती हा विषय काढता येतो: नव्या पदातलं कोणतं काम वेतन ठरेपर्यंत दुसऱ्याकडे द्यायचं? हा प्रश्न शांतपणे विचारला तर बऱ्याचदा बंद झालेली चर्चा पुन्हा सुरू होते, कारण ते काम घ्यायला दुसरं कुणी नसतं.

मंजुरीनंतर

"झालं तुमचं काम" हे ऐकून थांबू नका. सुधारित पत्र मागा आणि त्यात नवा आकडा, ग्रेड आणि लागू तारीख तपासा. लागू तारीख मंजुरीच्या दिवसाची टाकलेली असेल तर प्रमोशनच्या तारखेपासूनची मागा. आपल्या उदाहरणात पाच महिन्यांचा फरक म्हणजे दर महिन्याला १४ प्रमाणे ७०. पहिल्या पे-स्लिपमध्ये वाढ मूळ पगाराच्या ओळीत आली आहे की एखाद्या विशेष भत्त्यात, तेही बघा. भत्ता पुढे काढून घेता येतो आणि बऱ्याच ठिकाणी त्यावर वाढही मोजली जात नाही. थकबाकीची वेगळी ओळ दिसली नाही तर त्याच आठवड्यात पगार विभागाला लिहा. पुढच्या महिन्याचा हिशेब बंद होण्याआधी चूक दाखवली तर ती लगेचच्या पगारात दुरुस्त होऊन येते.